यवतेश्वरहून माघारी

दुपारी यवतेश्वरचा घाट चढून आलेली एखादी इलेक्ट्रिक स्कूटर कडेला थांबते. दोघं मीटरकडे बघतात, काहीतरी पुटपुटतात आणि कास राहिलं बाजूला, गाडी साताऱ्याकडे वळते. निघताना १०० टक्के होती, आता ८०, आणि मीटर म्हणतो आणखी २७ किलोमीटर. कास करून घरी पोचायला लागणार ४३.

मीटर खोटं बोलत नाही, पण त्याला नुकताच चढलेला घाटच तेवढा आठवत असतो. ३ युनिटची, म्हणजे ३००० वॉट-तासांची बॅटरी धरा. सपाटीला किलोमीटरमागे ३० वॉट-तास, म्हणजे पहिल्या ७ किलोमीटरना २१०. गाडी आणि दोन माणसं मिळून २६० किलो. एवढं वजन साडेचारशे मीटर वर न्यायला, मोटरमधली तूट धरून, आणखी ४००. झाले ६१०, म्हणजे वीस टक्के. पुढचा रस्ता बराचसा पठारावरून जातो. तिथे १८ किलोमीटरना अठरा टक्के, येताना तेवढेच, आणि उतारावर जवळपास काहीच नाही. घरी पोचाल तेव्हा ४४ टक्के शिल्लक.

पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून घाट उतरणारी पिढी अजून आहे. ही गाडी तेच करते, वर थोडी वीजही परत घेते. मात्र वर राहणाऱ्याने रात्री १०० टक्के भरून सकाळी उतार धरला, तर बॅटरीत जागाच नसते. मग उतारभर सगळा भार ब्रेकवर. त्याने ८०-८५ ला चार्जर काढलेला बरा. गावातल्या रोजच्या फेऱ्यांनाही तेवढं पुरतं. पूर्ण भरून एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली उभी ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. चार्जिंगपेक्षा ऊन आणि काठोकाठ भरलेपण यांची जोडी वाईट. घाट चढून आल्याबरोबर प्लग लावू नये, अर्धा-पाऊण तास निवू द्यावी. आणि बॅटरी लोह-फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी, असेल तर मधूनमधून १०० पर्यंत न्यावीच लागते, नाहीतर टक्केवारीच चुकायला लागते.

बॅटरी किती थकली हेही हा घाटच सांगतो. तीच माणसं, तोच मोड, चाकात तेवढीच हवा, साधारण तोच ऋतू. पहिल्या वर्षी वीस टक्क्यांत चढणारा घाट पुढे कधी पंचवीस मागू लागला, तर ३ युनिटची २.४ झाली असं समजावं. कास तेव्हाही होतं, तीस टक्के राखून. काळजी वेगळ्याच लक्षणाची करावी: चढावर आकडा एकदम तिसावरून बारावर पडतो आणि सपाटीला परत वर येतो. एखादा सेल दमलेला असतो, सर्व्हिस सेंटरला दाखवावं.

एवढं करून मोजमापात एक खोट राहतेच. गाव कंदी पेढ्यांचं. मागे बसणाऱ्याचं वजन मधल्या काळात वाढलंय का, हे विचारणार कोण?