वगळलेलं वाक्य

रेडिओवर सात मिनिटं बोलायचं होतं. विषय: अटक झालेल्या माणसाचे हक्क. ऐकणारे खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे. म्हणून मी कलमं बाजूला ठेवली आणि सरळ लिहिलं, की चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं, प्रवासाचा वेळ वगळून. घरच्यांना किंवा मित्राला कळवावं लागतं. वकील परवडत नसेल तर फुकट मिळतो. आणि अटक का केली ते लेखी द्यावं लागतं. त्यापुढे एक वाक्य होतं : ‘आणि ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत.’

कार्यक्रम बघणाऱ्या बाईंनी नेमकं त्यावर पेन्सिल ठेवली. ‘सर, भाषेचं काढू या का? इथं उगाच वाद.’ मी हो म्हणालो. बेळगावात भाषा हा शब्द उच्चारला की लोक आधी बोलणाऱ्याचा पक्ष शोधतात, हे खरंच आहे. पण मला वेळेत घरी जायचं होतं, हेही खरं.

प्रसारण झालं आणि दुसऱ्याच दिवशी माझी रिमांडची पाळी होती. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील म्हणून मी त्या कोर्टात बसतो. ज्यांच्याकडे वकील नाही ते माझे. बाराच्या सुमाराला विशीतला एक पोरगा आणला. चंदगडकडचा, म्हणजे महाराष्ट्रातला. उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये कामाला. आदल्या रात्री नऊला अटक. आरोप मालकाची तांब्याची तार चोरल्याचा.

फायलीत अटकेच्या कारणांचा कागद होता, पानभर कन्नड. तळाशी ‘ओदि तिळिदुकोंडे’, म्हणजे वाचून समजलं. त्याखाली पोराची सही, मराठीत. मी विचारलं, ‘यात काय लिहिलंय?’ म्हणाला, ‘मला काय ठाऊक सर, सही कर म्हणाले, केली.’

फक्त सही मराठीत आहे एवढ्यावर भागत नाही. इकडचे कितीतरी जण सही मराठीत करतात आणि कन्नड सराईत वाचतात. म्हणून मी न्यायदंडाधिकारी साहेबांना म्हटलं, त्यालाच पहिली ओळ वाचायला सांगा. त्याला एक अक्षर लागेना. सोबतचा हवालदार म्हणाला, ‘साहेब, मी तोंडी मराठीत सांगितलं होतं.’ सांगितलं असेलही. माणूस बरा होता. पण सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये मुंबईतल्या एका अपघाताच्या प्रकरणात नियम स्पष्ट केला आहे : कारणं लेखीच हवीत, अटक झालेल्याला कळणाऱ्या भाषेत. त्या क्षणी शक्य नसेल तर आधी तोंडी सांगा, पण रिमांडसाठी उभं करण्याच्या निदान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. नाहीतर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा ठरतात.

साहेबांनी रिमांड तिथंच दिला नाही. रात्री नऊपर्यंत मुदत होती, तेव्हा मराठी प्रत देऊन पुन्हा आणा म्हणाले. मी सुटकेचाही आग्रह धरला, तो मानला नाही. तसंही कागद नीट देऊन पोलीस पुन्हा कोठडी मागू शकतात, खटला काही त्याने संपत नाही. पक्षकारांना हे पटवता पटवता माझा घसा बसतो.

त्या हवालदारानेच हाताने मराठी प्रत लिहिली, अक्षर सुंदर. पोराने बाकावर बसून ती बोट फिरवत वाचली आणि मध्येच थांबला. ‘सर, चौदा तारखेची रात्र? त्या रात्री मी इथं नव्हतोच. गावाला होतो, जत्रेला. एसटीचं तिकीट खोलीवर असेल.’

रात्री नऊपासून तो कोठडीत होता आणि कोणत्या रात्रीच्या चोरीबद्दल, हे त्याला पहिल्यांदा कळत होतं. तोवर तो एवढंच घोकत होता, ‘मी काय केलं नाही.’ वकिलाला त्यातून काही उचलता येत नाही. तारीख कळली की तिकीट आठवतं, सोबतचा चुलतभाऊ आठवतो.

म्हणूनच कागदात ‘पुरावा नष्ट करू नये म्हणून अटक’ एवढा छापील मजकूर पुरत नाही. तो कुणालाही लागू पडतो. या माणसाविरुद्ध काय आहे, ती तारीख, ती वस्तू, ते नाव त्यात हवं.

चारनंतर पुन्हा पुकारा झाला. तिकीट अजून खोलीवरच होतं, पण तारखेचा मुद्दा मी नोंदवून घेतला. पोलीस कोठडी मिळाली नाही, न्यायालयीन कोठडी झाली. तिसऱ्या दिवशी चुलतभाऊ तिकीट घेऊन आला आणि जामीन झाला.

मी रेडिओच्या बाईंना फोन केला. ते वाक्य पुन्हा घेता येईल का विचारलं. त्या जरा गप्प राहिल्या. मग मी म्हटलं, उदाहरण उलटं देतो : इचलकरंजीत मागावर काम करणारा अथणीचा कन्नड पोरगा, आणि पोलिसांनी त्याच्यापुढे ठेवलेला मराठी कागद. हक्क तोच. त्या म्हणाल्या, ‘हे चालेल. पण सात मिनिटांतच बसवा.’ आता काय काढायचं, ते बघतोय.