मदरबोर्डवरचा सेल काढताना क्लिप वाकू नये म्हणून

माझ्या जुन्या डेस्कटॉपचं घड्याळ सारखं मागे जायला लागलं होतं. त्यात एक गंमत होती. संगणक नुसता शटडाउन केला तर वेळ बरोबर राहायची, पण भिंतीवरचं बटण बंद करून ठेवलं की सुरू करताना कारखान्यातली जुनी तारीख आणि काळ्या पडद्यावर CMOS checksum error, म्हणजे साठवलेल्या सेटिंग बिघडल्याची सूचना. यावरूनच दोष कुठे आहे ते कळत होतं. वायर लावलेली असेपर्यंत संगणक बंद असतानाही पॉवर सप्लाय बोर्डाला थोडी वीज देत राहतो आणि घड्याळ त्यावर चालतं. वायर बंद झाली की सगळा भार त्या नाण्याएवढ्या सेलवर येतो, आणि तो सेल संपला होता.

कॅबिनेट उघडायच्या आधी बायोसमधल्या, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्रॅममधल्या, सगळ्या पानांचे फोटो काढले. सेल निघाला की तिथल्या सेटिंग मूळ स्थितीला जाऊ शकतात, आणि डिस्कचा मोड किंवा बूटचा क्रम बदलला तर विंडोज सुरूच होत नाही. डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवावी, नंतर शोधत बसणं फार वाईट. मग वायर काढली, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते, आणि ग्राफिक्स कार्ड बाहेर काढलं, कारण सेल नेमका त्याच्या खाली होता.

सेल काढण्याआधी तो जागेवरच मोजला. मल्टिमीटरचं काळं टोक बोर्डाच्या स्क्रूभोवतीच्या धातूच्या कड्यावर आणि लाल टोक सेलच्या पाठीवर ठेवलं. आकडा आला २.५ व्होल्ट. नवा सेल ३ व्होल्टच्या जरा वरच असतो, तेव्हा शंका उरली नाही.

आता सॉकेट. एका मित्राने सांगितलं होतं, "बारीक स्क्रू ड्रायव्हर सेलच्या खाली घाल आणि उचल, टप्पकन निघतो." निघतो हे खरं. पण सॉकेटची रचना पाहिली की हा सल्ला का नको ते कळतं. सीआर २०३२ या सेलची वरची बाजू आणि सगळी कडा मिळून धन टोक असतं, ऋण टोक फक्त खालची चकती. दोघांच्या मध्ये इन्सुलेशनचं अगदी अरुंद कडं. लोखंडी पातं खाली घातलं की ते एका बाजूने कडेला आणि दुसऱ्या बाजूने खालच्या पत्रीला टेकतं, म्हणजे सेल शॉर्ट. शिवाय खालची ती पत्री म्हणजे स्प्रिंग असते, ती दबून चपटी होते. आणि पातं सटकलं तर शेजारच्या बारीक तांब्याच्या रेषांवर ओरखडा ठरलेला.

माझ्या बोर्डवरचं सॉकेट सगळ्यात जास्त दिसणाऱ्या प्रकारातलं होतं, आडवं आणि गोल. एका बाजूला प्लास्टिकचे दोन छोटे ओठ सेलच्या कडेवर आलेले, समोरच्या बाजूला धातूची उभी क्लिप, तिचं वरचं टोक सेलच्या कडेवर किंचित झुकलेलं. ही क्लिप दोन कामं करते. ती कुलूप आहे आणि धन टोकाचा संपर्कही तीच आहे. ती वाकून बाहेर राहिली तर सेल सॉकेटमध्ये बसलेला दिसतो, पण संपर्क ढिला राहतो आणि घड्याळ कधी चालतं, कधी नाही. असा दोष शोधणं संपलेल्या सेलपेक्षा कितीतरी कटकटीचं, कारण माणूस नवा सेल आहे म्हणून तिथे बघतच नाही.

म्हणून आधी क्लिप आणि सॉकेटची प्लास्टिकची भिंत यांच्यातल्या फटीचा बाजूने एक फोटो काढला. नंतर त्याच कोनातून दुसरा काढला की क्लिप पूर्वीच्या जागी परत आली का ते दिसतं. इतक्या बारीक फटीसाठी डोळ्यांच्या आठवणीवर विसंबता येत नाही.

हत्यार म्हणून मोबाइल उघडायची प्लास्टिकची पातळ पट्टी घेतली. तिचं टोक क्लिपचं झुकलेलं डोकं आणि सेल यांच्या मध्ये ठेवलं आणि क्लिप सेलपासून लांब, बाहेर ढकलली. दिशा हाच सगळा मुद्दा आहे. जोर बोर्डाला समांतर लावायचा, वर अजिबात नाही. वर ओढलं तर क्लिप मुळाशी वाकते आणि तिथे वाकलेली पत्री सरळ केली तरी तिचा ताण परत येत नाही. बाहेरही फार ढकलायची गरज नसते. झुकलेलं डोकं सेलच्या कडेवरून सुटेल एवढंच हवं, आणि ते जेमतेम एक मिलिमीटर असतं. तेवढ्यात खालची स्प्रिंग आपणच सेलला वर ढकलते. त्यामुळे दुसऱ्या हाताचं बोट सेलवर हलकं ठेवलं होतं, नाहीतर तो उडून कुठल्यातरी स्लॉटमध्ये जातो आणि मग टॉर्च घेऊन शोधाशोध.

क्लिप सरकली, पण सेल उठला नाही. इथे हात आणखी जोर लावायला धावतो. मी क्लिप सोडून दिली आणि नीट पाहिलं. इतक्या वर्षांत प्लास्टिकच्या ओठांपाशी धूळ घट्ट बसली होती, सेल तिथे अडकला होता. दोष क्लिपचा नव्हताच. मऊ ब्रशने धूळ काढली, क्लिप पुन्हा तेवढीच सरकवली आणि सेल क्लिपच्या बाजूने तिरका वर आला. मग तो ओठांखालून ओढून घेतला.

सगळी सॉकेटं अशी नसतात, हे आधी पाहून घ्यावं. काहींत सेलच्या डोक्यावरून धातूची आडवी पट्टी जाते. तिथे पट्टी उचलायचीच नाही, सेल बाजूच्या मोकळ्या तोंडातून प्लास्टिकच्या टोकाने ढकलून बाहेर काढायचा. काहींत सेल उभा बसतो. लॅपटॉपमध्ये बहुधा सेल वायरीला जोडून छोट्या कनेक्टरवर असतो, तिथे हा प्रश्नच येत नाही.

नवा सेल कोरड्या कापडाने पुसून कडेने धरला. अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून आधी ओठांखाली तिरका सरकवला, मग क्लिपच्या बाजूने बोटाने सरळ खाली दाबला. टक् आवाज झाला आणि क्लिपचं डोकं आपोआप कडेवर येऊन बसलं. घालताना क्लिप ओढावी लागत नाही.

त्यानंतरची तपासणी लोक सहसा सोडून देतात. लाल टोक या वेळी सेलच्या पाठीवर नाही, क्लिपवर ठेवलं. सेलवर मोजलं तर फक्त सेल चांगला आहे एवढं कळतं, क्लिपवर मोजलं तर वीज बोर्डापर्यंत पोहोचते की नाही ते कळतं. क्लिपवर ३.२ व्होल्ट आले, सेलवरही तेवढेच. क्लिपवरचा आकडा कमी आला असता किंवा सेल बोटाने हलवल्यावर नाचला असता, तर संपर्क ढिला आहे असं समजलो असतो. फोटोतली फटही आधीइतकीच होती.

कार्ड परत बसवलं, फोटो पाहून बायोसच्या सेटिंग भरल्या, वेळ लावली आणि रात्रभर भिंतीवरचं बटण बंद ठेवलं. सकाळी घड्याळ बरोबर होतं. जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यासाठी वेगळा ठेवला. घरात लहान मूल असेल तर तो तिथेही त्याच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा, कारण गिळलेला लिथियम सेल काही तासांत अन्ननलिका जाळतो.