हिरवी टिक, जोडलेले हात आणि आमचं चॅट

आम्ही कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकतो. ऑफिस राजारामपुरीत आहे आणि चॅटवर बसणारी टीम छोटी आहे, त्यातल्या बहुतेक पोरी कागल, इचलकरंजी, गडहिंग्लजकडच्या. ग्राहक वेबसाइटवर किंवा व्हॉट्सअॅपवर आला की बरीचशी उत्तरं तयार असतात. दोन अक्षरं टाइप केली की सगळा मजकूर येतो. ही उत्तरं नव्यानं लिहायची ठरली तेव्हा मजकुरावर एका बैठकीत एकमत झालं. इमोजींवर मात्र आम्ही चांगलेच भांडलो.

मालकांचं म्हणणं, इमोजी काढले तर आपलं चॅट बँकेच्या नोटिशीसारखं दिसेल. कागलची आमची एक पोरगी म्हणाली, "ताई, मी सांगतो, सगळेच काढून टाका. चिडलेल्या माणसाला काय बी पाठवलं तरी तो चिडतोच." दोघांचंही पूर्ण पटत नव्हतं. म्हणून मी जुने चॅट काढले, तेही सगळे नाही. आमच्या एखाद्या तयार उत्तरानंतर ग्राहक आणखी भडकला किंवा घाबरला असे तेवढेच. प्रत्येक चॅटमधून फक्त दोन ओळी घेतल्या: आम्ही काय पाठवलं आणि लगेच त्यावर काय आलं.

एक चॅट साताऱ्याच्या नवरदेवाचा होता. त्यानं लिहिलं होतं, "9 नंबर मागवली होती, 8 आली. परवा हळद आहे." आमचं तयार उत्तर गेलं, "झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत 😊🙏 कृपया ऑर्डर नंबर पाठवा." त्यावर त्याचं उत्तर, "हसायला काय झालं तुम्हाला?"

उत्तर लिहिणाऱ्यानं 😊 नम्रता म्हणून टाकला होता, यात शंका नाही. पाठवणाऱ्याला वाटतं की हा माझा हसरा चेहरा. पण ज्याच्या हातात आखूड चप्पल आहे त्याला दिसतं की समोरचा माझ्या अडचणीवर हसतोय. यातून आमची पहिली कसोटी निघाली आणि पुढं तीच धरून बसलो: हे चित्र जे सांगतंय ते या ग्राहकाच्या बाबतीत, या मिनिटाला खरं आहे का? 😊 सांगतो की सगळं बरं आहे. नवरदेवाचं बरं नव्हतं. म्हणजे इमोजी बाद.

या कसोटीवर सगळेच चेहरे गळाले. 😔 आणि 😢 वाचवायचा एकीनं बराच प्रयत्न केला, निदान दुःख तरी दिसतं म्हणून. पण तयार उत्तरातला चेहरा प्रत्येकाला तोच जातो आणि ग्राहकाला ते कळतं. एका बाईंनी सरळ लिहिलं होतं, "रडू नका, चप्पल पाठवा." 🙂 वर तर फारशी चर्चाच झाली नाही, विशीतल्या पोरींना तो टोमणाच वाटतो आणि पन्नाशीतल्या मालकांना सभ्य, एवढं कारण पुरेसं होतं. शिवाय चेहरे प्रत्येक कंपनीच्या फोनवर वेगळे काढलेले असतात. 2016 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं होतं की 😁 हाच इमोजी गुगलच्या फोनवर आनंदी दिसायचा आणि त्या वेळच्या आयफोनवर दात आवळल्यासारखा. अॅपलनं नंतर तो बदलला. पण ग्राहकाच्या हातात कोणता आणि किती जुना फोन आहे, हे आपल्याला कुठं माहीत असतं?

ग्राहक जो इमोजी वापरतो तोच आपण परत वापरावा, असं एक मत ट्रेनिंगमध्ये ऐकायला मिळतं. खूश ग्राहकाशी ते चालतं. चिडलेला माणूस मात्र "वा, काय सर्विस आहे 😂😂" असं लिहितो. त्याला 😂 परत पाठवून बघा.

खरा धडा मात्र हिरव्या टिकेनं दिला. आमच्याकडं घाबरून येणारा ग्राहक बहुतेक वेळा एकाच कारणानं येतो: यूपीआयवरून पैसे कटले आणि ऑर्डर पडली नाही. एका ग्राहकाचे गुरुवारी दुपारी 2,450 रुपये असे अडकले. आमचं उत्तर होतं, "तुमची रिफंडची तक्रार नोंदवली आहे ✅". तासाभरानं तो परत आला, "टिक आली, पण पैसे आले नाहीत. फसवताय का?" संध्याकाळपर्यंत त्याचा पारा चढलेलाच होता.

आमच्या दृष्टीनं टिक तक्रारीची होती आणि तक्रार खरोखर नोंदली होती. पण नोटिफिकेशनमध्ये वाक्य अर्धंच दिसतं. घाबरलेला माणूस शब्द वाचत नाही. त्याची नजर "रिफंड" आणि हिरव्या खुणेवर जाते. शिवाय यूपीआय अॅपनं आपल्या सगळ्यांना हिरवी टिक म्हणजे पैसे पोचले, हेच शिकवलंय. म्हणून ठरलं की पैशाच्या बोलण्यात ✅ एकदाच वापरायची, पैसे खात्यात जमा झाल्याचं पक्कं कळल्यावर. "तक्रार घेतली", "विनंती पुढं पाठवली", "बँकेला कळवलं" या कुठल्याच टप्प्याला टिक नाही.

मग मधल्या दिवसांत काय पाठवायचं? इचलकरंजीच्या पोरीनं ⏳ सुचवला. आमच्या कसोटीवर तो खरा ठरत होता, कारण वाळू अजून पडतेय. पण दोन अडचणी होत्या. एक म्हणजे ⏳ आणि ⌛ दिसायला जुळे आहेत. पहिल्याचा अर्थ वेळ चालू आहे, दुसऱ्याचा वेळ संपली, आणि घाईत चुकीचा जाणार हे नक्की. दुसरी मोठी. घाबरलेल्या माणसाला थांबायचंय हे माहीतच असतं, त्याला कधीपर्यंत ते हवं असतं. ते वाळूच्या घड्याळातून कळत नाही.

तारीख मात्र आमच्याकडं होती. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या परिपत्रकानुसार यूपीआयनं दुकानदाराला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली आणि दुकानदाराकडं खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत यायला हवी. त्यापुढं उशीर झाला तर रोज 100 रुपये भरपाई. गुरुवारचा व्यवहार म्हणजे मंगळवार. मग नवीन उत्तर असं झालं: "तुमचे 2,450 रुपये आमच्यापर्यंत पोचलेले नाहीत, ते बँकेच्या बाजूला अडकले आहेत. नियमाप्रमाणे ते मंगळवारपर्यंत तुमच्या खात्यात आपोआप परत यायला हवेत. बुधवारी सकाळी मी स्वतः तुम्हाला मेसेज करून विचारते." यात एकही इमोजी नाही, आणि मालकांनाही ते नोटिशीसारखं वाटलं नाही.

🙏 वर सगळ्यात जास्त वेळ गेला. तो पूर्ण काढणं कुणालाच मान्य नव्हतं. आपल्याकडं "नमस्कार 🙏" नाही लिहिलं तर माणूस उद्धट वाटतो. पण तो एकाच वेळी किती गोष्टी सांगतो बघा. नमस्कार, आभार, माफी, विनवणी. गावच्या ग्रुपवर कुणी गेल्याची बातमी आली की खाली रांगेनं तोच. आणि वैतागलेला माणूस "तुमच्या सर्विसला 🙏" लिहितो तेव्हा त्याचा अर्थ कोपरापासून दंडवत, परत येणार नाही. आमची कसोटी इथं अडली, कारण एका चित्राचे इतके अर्थ असतील तर खरं-खोटं ठरवायचं कशावर?

मग जुने चॅट पुन्हा चाळले आणि त्या ओळीत 🙏 कुठं बसलाय एवढंच बघितलं. सुरुवातीच्या नमस्काराला तो होता तिथं कुणी बिथरलं नव्हतं. काम झाल्यावरच्या आभारालाही नाही. बिथरले ते माफीच्या वाक्यात, आणि तेही जिथं माफीनंतर पुढं काहीच नव्हतं. "क्षमस्व 🙏" म्हणजे आमच्याकडून एवढंच, आता जा. हात जोडून माणसाला दारातून वाटेला लावतात तसं. म्हणून नमस्काराला आणि आभाराला एक 🙏 चालतो, माफीच्या वाक्यात नाही. ग्राहकाचा पहिलाच मेसेज तक्रारीचा असेल तर नमस्कारही शब्दातच. आणि कधीही तीन-तीन नाही. आमचे काही ग्राहक डोळ्यांनी बघू शकत नाहीत, त्यांचा फोन मेसेज वाचून दाखवतो आणि प्रत्येक इमोजीचं नाव मोठ्यानं उच्चारतो; ओळीनं तीन असले की तेच नाव तीनदा. याच कारणानं जे इमोजी उरले तेही वाक्याच्या मध्ये न घालता शेवटी ठेवले.

उरले कोणते? वस्तूंचे: 📦, 🚚, 📍. ते माहिती देतात. पण त्यांनाही कसोटी लागू आहेच. पार्सल कुरिअरवाल्यानं उचलल्याशिवाय 🚚 जात नाही. लेबल निघालं म्हणून गाडी पाठवली तर ग्राहक दाराकडं बघत बसतो. नवरदेवाच्या नवीन उत्तरात आधी "9 नंबरचा जोड आज संध्याकाळी निघतो, उद्या दुपारपर्यंत साताऱ्यात" असं येतं आणि 🚚 संध्याकाळी वेगळ्या मेसेजमध्ये, ट्रॅकिंग नंबरसोबत.

एक तांत्रिक भानगड यादी ठरल्यावर सापडली. चॅट संपलं की त्याची नक्कल ग्राहकाला ईमेलनं जाते आणि ती आमच्या जुन्या डेटाबेसमधून निघते. तिथले टेबल `utf8` मध्ये होते. मायएसक्यूएलमध्ये त्या नावाखाली एका अक्षराला तीनच बाइट मिळतात आणि बहुतेक इमोजींना चार लागतात. त्यामुळं इमोजीच्या जागी प्रश्नचिन्ह छापलं जायचं. "तुमचे पैसे परत येतील ?" असं ईमेल हातात पडलं तर माणसानं काय समजायचं? टेबल आणि जोडणी दोन्ही `utf8mb4` वर नेल्यावर ते थांबलं. कुणाला हे तपासायचं असेल तर चॅटच्या खिडकीत बघून उपयोग नाही, तिथं सगळं ठीकच दिसतं. स्वतःला एक नक्कल पाठवून घ्यावी.

शेवटचा वाद 👍 चा. आमच्या तयार उत्तरांत तो कधीच नव्हता, पण पोरी व्हॉट्सअॅपवर ग्राहकाच्या मेसेजला अंगठा द्यायच्या, वाचलं एवढंच सांगायला. मालक म्हणाले, "अगं, अंगठ्यानं कुणाचं काय बिघडतंय?" मी त्यांना कॅनडातला 2023 चा निकाल सांगितला. धान्य घेणाऱ्या कंपनीनं शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो पाठवला, त्यानं 👍 पाठवला, आणि माल दिला नाही. तो म्हणाला, करार मिळाला एवढंच मला सांगायचं होतं. सस्कॅचवानच्या कोर्टानं अंगठा म्हणजे संमतीच धरली आणि त्याला सुमारे 82,000 कॅनेडियन डॉलर भरायला लावले. तो कायदा आपल्याला लागू नाही, पण "मग पूर्ण पैसे परत देणार ना?" या मेसेजवर आमच्या पोरीचा अंगठा पडला तर ग्राहक त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवणारच.

मालकांनी जरा विचार केला आणि विचारलं, "मग वाचलं हे कसं सांगायचं?" कागलची पोरगी म्हणाली, "'वाचलं, बघून अर्ध्या तासात सांगतो' असं लिहायचं की दादा." तेच आता तयार उत्तरांत आहे.