निपाणी–बेळगाव: जुन्या डिंकी गाड्या बघायला गेलो, त्याची हकीकत

कोल्हापूरहून सकाळची बस पकडली की निपाणी तासाभरात येते आणि तिथून संकेश्वरमार्गे बेळगाव. या पट्ट्यात खेळण्यातल्या जुन्या धातूच्या गाड्या, म्हणजे इंग्लंडच्या डिंकी, मॅचबॉक्स, कॉर्गी, अजून घराघरांतून निघतात. कुणाचे नातेवाईक गोव्यात बोटीवर नोकरीला होते, कुणी लष्करातून आले. मी दोन दिवस फिरलो. पुढे कुणी याच वाटेनं निघणार असेल तर आधी हे वाचावं, कारण जाण्यापूर्वी मला स्वतःला यातलं निम्मंच ठाऊक होतं.

निपाणीत फार वेळ गेला नाही. एका भंगारवाल्याच्या डब्यात मॅचबॉक्सची पंचवीस नंबरची फोक्सवॅगन मिळाली, चंदेरी निळी. चाकं मात्र रुंद, काळी, मधे चकचकीत, म्हणजे सुपरफास्टची. मॅचबॉक्सनं सुपरफास्ट चाकं 1969 साली आणली आणि ही फोक्सवॅगन 1960 ची. तिला कारखान्यातून करड्या प्लास्टिकची बारीक चाकं होती. सुपरफास्टची दांडी तारेसारखी बारीक असते, त्यामुळे जुन्या जाड दांडीच्या भोकात ती लोंबते. गाडी टेबलावर ठेवून बोटानं हलवली की चाकं तिरकी होतात. फसवणूक नव्हती ही. कुणीतरी पोरासाठी दुसऱ्या गाडीची चाकं घालून दिली असणार. दीडशे रुपयांना घेतली.

खरा मामला बेळगावात, शहापुरात होता. तिथल्या एका काकांकडे दोन गाड्या आहेत असं कळलं होतं, त्यासाठीच मी आलो होतो. काकांनी चहा ठेवला आणि टेबलावर वर्तमानपत्र अंथरून गाड्या मांडल्या. एक ऑस्टिन सॉमरसेट, लाल, काचेसारखी चकचकीत. दुसरी मर्सिडीज 220 एसई, डिंकीच्या क्रमांकात 186, पिवळ्या डब्यासह. ऑस्टिनचे चार हजार, मर्सिडीजचे डब्यासह नऊ.

"मर्सिडीजचा रंग जरा खराब हाय, म्हणून नऊ. नाहीतर बारा सांगितले असते," काका म्हणाले.

मलाही पहिल्या नजरेला तसंच वाटलं. मर्सिडीजचा रंग जाड होता, दाराच्या रेघा बुजल्या होत्या, एका कोपऱ्यात ओघळ सुकला होता. पुस्तकी नियम असा की दाराची रेघ बुजली म्हणजे घरी रंगवलेली गाडी. ऑस्टिनच्या रेघा त्या मानानं साफ होत्या. तेव्हा ऑस्टिन खरी आणि मर्सिडीज खोटी, असं म्हणून मी उठलो असतो तर दोन्हीकडे चुकलो असतो.

गाडी आधी उलटी करून बघावी हे मी इथे शिकलो. डिंकीचा सांगाडा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो. त्यातून आलेले छोटे खुंट तळाच्या पत्र्याच्या भोकातून बाहेर काढून ठोकून पसरवतात, तीच रिवेट. कारखान्यात आधी सांगाडा रंगवून भाजतात, मग काच, आतला भाग आणि तळ बसवून रिवेट ठोकतात. म्हणून खऱ्या गाडीत रंग तळाच्या कडेखाली आत जातो आणि रिवेटच्या पसरलेल्या टोकावर रंग नसतो, उघडा धातू दिसतो. गाडी नीट रंगवायची तर आधी ती उघडावी लागते आणि उघडायची तर रिवेटचं डोकं ड्रिलनं उडवावं लागतं. ते काही परत तसंच जमत नाही.

ऑस्टिनच्या दोन्ही रिवेट बघितल्या. मधोमध गोल खड्डा, त्यात राखाडी लुकण, वरून काळा रंग. तळाचा पत्रा जुना, पण त्याच्या कडेवर लाल शिंतोडे. दांडीची टोकंही बघितली. एक टोक कारखान्यात घडवलेलं, गुळगुळीत. दुसरं चपटं, पक्कडीचे दात उमटलेलं. म्हणजे चाकं काढून परत घातलेली. सॉमरसेट 1950 च्या दशकातली गाडी, तरी टायर मऊ आणि बिनभेगांचे. एकट्या टायरनं काही सिद्ध होत नाही. जुनं रबर कडक होऊन फुटतं आणि नवे टायर सगळेच घालतात. दांडीची टोकं मात्र महत्त्वाची.

मर्सिडीज उलटी केली. रिवेट अखंड, मळकट, वर रंगाचा ठिपका नाही. चावीला लावलेली बारीक बॅटरी चाकाच्या कमानीतून आत दाखवली तर तोच जाड रंग तळाखाली गेलेला. काचेच्या कडेला कुठेही शिंतोडा नाही. म्हणजे रंग कारखान्यातलाच. मग इतका ओबडधोबड का? बॅटरी तिरकी धरून तळ बघितला, तेव्हा जिथे इंग्लंडचं नाव हवं तिथे घासून सपाट केलेला पट्टा दिसला.

ही निकी गाडी होती. 1960 च्या दशकाच्या शेवटी डिंकीचे काही जुने साचे कलकत्त्याला आले आणि तिथे 'निकी टॉइज' नावानं गाड्या निघाल्या. काही गाड्यांच्या तळावरचं डिंकीचं नाव खोडलेलं असतं. त्यांचा मूळ रंगच जाड आणि ओघळलेला असतो. म्हणून आपल्याकडे बुजलेल्या रेघेवरून निकाल देऊ नये. ती सुरुवात समजून रिवेटकडे जावं.

आता डबा. निकीच्या गाडीला इंग्लंडचा डबा हेच आधी खटकलं. भिंग मी दहा पटींचं नेतो, सराफ वापरतात तसलं. जुन्या डब्यावर पिवळा रंग एकाच सलग शाईत छापलेला असतो. या डब्याच्या पिवळ्यात लाल, निळे, काळे ठिपके विखुरलेले दिसले, म्हणजे मूळ डबा स्कॅन करून रंगीत प्रिंटरवर काढलेला. दुसरं असं की जुना डबा घडीवर झिजतो, कारण हात तिथे लागतो. इथे तपकिरी डाग सगळीकडे सारखा होता, आत दुमडलेल्या पट्टीच्या घडीतसुद्धा. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला की असंच होतं. अतिनील उजेडाची जांभळी बॅटरी मारली तर पुठ्ठा निळसर पांढरा चमकला. पण त्यावर फार विसंबू नका. कागदात उजळवणारी द्रव्यं 1950 च्या दशकापासून येऊ लागली, त्यामुळे साठच्या दशकातला खरा डबाही थोडा चमकू शकतो. शाईचे ठिपके हा पक्का पुरावा.

मी काकांना भिंगातून बघायला दिलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डबा मी कोल्हापुरात सातशेला घेतला. खरा म्हणूनच दिला त्यानं."

मला वाईट वाटलं. त्यांनी कुणाला फसवायला घेतला नव्हता. मी म्हटलं, काका, गाडी तुमची खरी आहे, फक्त ती कलकत्त्याची आहे आणि माझ्या लेखी त्यात कमीपणा नाही. डबा वेगळा ठेवा आणि गाडीचा भाव वेगळा सांगा. ऑस्टिन रंगवलेली म्हणून सांगून विका, सातआठशेला कुणीही आनंदानं नेईल. मर्सिडीजचे तीन हजार ठरले.

जाणाऱ्यांनी भिंग, बारीक बॅटरी आणि मऊ फडकं न्यावं. रिवेटवरची धूळ कोरड्या फडक्यानं पुसा, थिनर लावू नका, मूळ रंगसुद्धा उतरतो. घरमालकासमोर गाडी उलटी करण्याआधी विचारा. चिकोडी, गोकाककडच्या बऱ्याच घरांत कन्नड चालतं, तिथे "एष्टु?", म्हणजे किती, एवढं येत असलं तरी बोलणं सुरू होतं. आणि दुपारी दोनच्या आधी जा. खिडकीतल्या उजेडात तळावरचं खोडकाम जितकं दिसतं तितकं ट्यूबलाइटखाली दिसत नाही.

निघताना काकांनी डबाही माझ्या हातात ठेवला. "ने तू. माझ्याकडं राहिला तर पुढं पोरं खरा म्हणून विकतील." मी तिथेच पेन्सिल मागून घेतली आणि आतल्या पट्टीवर लिहिलं: नवा डबा, प्रिंटरवर छापलेला.