दोन छेद पाच

भाच्याचा पहिला तास होऊन गेला, तरी त्यातला एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीये. निवृत्त झाल्यावर कुणाचं टाचण तपासायचं नाही असं ठरवलं होतं, पण घरचाच मुलगा चार पानं घेऊन दारात उभा राहिल्यावर काय करणार?

सहावीचा वर्ग, ३५ मिनिटं, विषय भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज. टाचण देखणं होतं. उद्दिष्टं, पूर्वज्ञान, साहित्य, सगळे रकाने भरलेले. प्रशिक्षणात गुण रकान्यांना मिळतात, म्हणून मुलं रकाने भरायला शिकतात. वर्गातली पोरं नेमकी कुठे चुकतील, याला मात्र त्यात रकानाच नाही. व्याख्या, प्रकार, लसावि, बेरीज, शाब्दिक उदाहरणं असं सगळं त्याने एकाच तासात कोंबलं होतं. म्हटलं, "हजेरी नि वह्या काढण्यात पाच मिनिटं गेली. आता उरलेल्या तिसात हे मला शिकव."

त्याने कपाटाच्या दाराचा फळा केला नि विचारलं, "१/२ आणि १/३ मिळून किती?"

"२/५."

"चूक. आधी छेद समान करायचे." लसावि ६, म्हणून ३/६ अधिक २/६, उत्तर ५/६. बिनचूक.

"पण सर, वर एक नि एक दोन, खाली दोन नि तीन पाच. माझं काय चुकलं?"

त्याने तीच रीत पुन्हा सांगितली, जरा मोठ्या आवाजात. नवे शिक्षक हेच करतात. जुनेही करतात, फक्त त्यांचा आवाज आधीपासूनच मोठा असतो.

मग मी ३० सेंटिमीटर लांबीची कागदाची पट्टी कापली. ३० मुद्दाम, कारण तिला २, ३, ५ आणि ६ या चौघांनीही भाग जातो. अर्धी पट्टी १५ सेंटिमीटर, एक तृतीयांश १०. दोन्ही तुकडे टोकाला टोक लावून मांडले की २५ भरतात. आता २/५ कुठे येतं ते मोज म्हटलं. त्याने १२ वर बोट ठेवलं आणि थांबला. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्यापेक्षाही लहान! लसाविचं नाव निघण्याआधी मुलाला हे खटकलं पाहिजे. त्यानंतर २५ म्हणजे पाच-पाच सेंटिमीटरचे पाच तुकडे, सहापैकी पाच, हे त्याला पट्टीवरच सापडतं, आणि छेद समान का करायचे ते वेगळं सांगावं लागत नाही. एक बारीक सूचना केली: एक तृतीयांशासाठी घडी घालायला लावू नकोस. तीन सारख्या घड्या मुलांना जमत नाहीत, दहा मिनिटं त्यातच जातात. मोजपट्टीने खुणा करू दे.

तेवढ्यावर आम्ही टाचण एका पानावर आणलं. व्याख्या नि प्रकार कापले, शाब्दिक उदाहरणं पुढच्या तासाला ढकलली. शेवटी "समजलं का?" असं होतं, ते मीच खोडलं, कारण त्याला सगळा वर्ग एका सुरात "हो" म्हणतो. त्याऐवजी प्रत्येकाने चिठ्ठीवर १/३ + १/६ करायचं. २/९ आलं तर मूल जागचं हललेलं नाही. ९/१८ आलं तर छेदांचा गुणाकार करायची रीत कुठून तरी उचलली आहे, उत्तर बरोबर पण पट्टी डोळ्यांपुढे नाही. ३/६ किंवा १/२ आलं तर पुढे जायला हरकत नाही.

निघताना मी त्याला मुद्दामच डिवचलं. "पहिल्या चाचणीत २ पैकी १ गुण, दुसरीत ३ पैकी १. एकूण?" तो म्हणाला, "५ पैकी २." आणि माझ्याकडे बघतच राहिला. २/५ इथे अगदी खरं आहे, कारण इथे दोन वेगवेगळे पूर्ण एकत्र केलेत. पट्टी मात्र दोन्ही वेळा एकच होती. "हे पहिल्या तासाला काढायचं नाही," असं मी बजावलं.

काढलं ते एका मुलीने. पट्ट्या ठेवून झाल्या, १२ वर बोटं पोचली, आणि ती म्हणाली, "पण सर, गुणांची बेरीज तर आपण अशीच करतो." ह्याने प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला, भोवती चौकट काढली, "उद्या बघू" म्हणाला आणि चिठ्ठ्या वाटल्या. वेळ सांभाळली म्हणून वरिष्ठांनी शाबासकी दिली. वरिष्ठ घड्याळच बघतात.

चिठ्ठ्या आम्ही दोघांनी वाचल्या. २/९ थोड्याच होत्या. त्या मुलीने १/२ लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरात, "मग गुणांचं काय?"

मी असते तर चिठ्ठ्या राहू दिल्या असत्या आणि तेव्हाच ते गुण फळ्यावर मांडले असते. भाचा म्हणतो, "आत्या, मग बाकीच्यांची पट्टीसुद्धा हातची गेली असती." आमचं अजून जमलेलं नाही. उद्याचा तास त्या चौकटीपासून सुरू करायचा की समच्छेदाची दोन उदाहरणं करून मग तिकडे वळायचं, यावर फोन चालू आहेत.