बेरीज शंभरापुढे गेली तेव्हा

गोव्यातल्या एका रुग्णालयात मी जीवसंख्याशास्त्राचे काम करते. खुब्याचे हाड मोडल्यामुळे बॉल बदललेल्या वृद्ध रुग्णांपैकी किती जणांना पाच वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया, म्हणजे रिव्हिजन, करावी लागते हे आमच्या अस्थिरोग विभागाला हवे होते. रुग्ण पेडणे, डिचोली, सत्तरी अशा तालुक्यांतले, बहुतेक ऐंशीच्या पुढचे. मुंबई-पुण्याची मुले चवथीला घरी येतात म्हणून पाठपुराव्याचे फोन आम्ही मुद्दाम त्याच दिवसांत केले, आणि सण आटोपल्यावरच्या आठवड्यात मी काळानुसार रिव्हिजनची शक्यता दाखवणारा कॅप्लन-मायर वक्र काढून विभागप्रमुखांसमोर ठेवला. पाच वर्षांत रिव्हिजनची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक, असे तो सांगत होता.

डॉक्टरांनी तो बराच वेळ पाहिला. ते गेली अनेक वर्षे याच रुग्णांना तपासत आलेले आहेत. ते म्हणाले, "तुमचं गणित मी तपासू शकत नाही. पण दुसऱ्यांदा टेबलवर घेतलेले रुग्ण मला आठवतात, ते निम्मे नक्कीच नाहीत. बाकीचे कुठे गेले?"

या प्रश्नाचे उत्तर नोंदवहीतच होते. मी पहिल्या दहा फायली काढल्या. त्यांत एकही रुग्ण संपर्काबाहेर गेलेला नव्हता, त्यामुळे हिशेब हाताने करता येत होता. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या आणि सातव्या महिन्यात एकेक मृत्यू, अकराव्या महिन्यात रिव्हिजन, पंधराव्या आणि विसाव्या महिन्यात पुन्हा एकेक मृत्यू, सव्विसाव्या महिन्यात रिव्हिजन, एकतिसाव्यात मृत्यू, अडतिसाव्यात रिव्हिजन, आणि उरलेले दोघे साठाव्या महिन्यात त्याच बॉलवर चालत-फिरत होते. दहांपैकी तीन रिव्हिजन, म्हणजे 30 टक्के. याच दहा ओळींवर कॅप्लन-मायर पद्धतीने मात्र 53 टक्के येत होते.

'स्थिती' या रकान्यात रिव्हिजनला 1 आणि इतर सगळ्यांना 0 असे अंक होते. एका शून्याच्या बाजूला कोणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले होते: "निधन, सुनेने फोनवर कळवले." मुलाकडे मुंबईला राहायला गेलेल्या आजोबांनाही शून्यच आणि वारलेल्या आजींनाही शून्यच, आणि विश्लेषणात मी दोघांनाही सेन्सर्ड, म्हणजे 'यापुढची माहिती उपलब्ध नाही', असे धरले होते.

कॅप्लन आणि मायर यांनी 1958 साली मांडलेली ही पद्धत एका गृहीतकावर उभी आहे: जो रुग्ण नजरेआड झाला, त्याला पुढे ती घटना घडण्याची शक्यता नजरेसमोर राहिलेल्यांइतकीच आहे. मुंबईला गेलेल्या आजोबांच्या बाबतीत हे बहुधा खरे असते; त्यांचा बॉल तिथेही झिजू शकतो किंवा निखळू शकतो. मृत व्यक्तीच्या बाबतीत ती शक्यता शून्य झालेली असते. तिच्याविषयीची माहिती अपुरी नाही, उलट ती पूर्ण आहे: रिव्हिजन झाली नाही आणि आता होणार नाही.

डॉक्टरांना हे दाखवण्यासाठी मी कागदावर दहा घरे काढली आणि प्रत्येकात 10 टक्के वाटा लिहिला. सेन्सर्ड रुग्णाचा वाटा ही पद्धत मागे राहिलेल्यांमध्ये सारखा वाटून टाकते. पहिले दोन मृत्यू झाल्यावर शंभर टक्क्यांचे आठच वाटेकरी उरतात, म्हणून अकराव्या महिन्यातली रिव्हिजन 10 नव्हे तर 12.5 टक्क्यांची ठरते. उरलेले 87.5 टक्के सात जणांकडे राहतात. त्यांतले आणखी दोघे वारल्यावर ते पाच जणांवर येतात आणि सव्विसाव्या महिन्यातली रिव्हिजन 17.5 टक्क्यांची होते. मग 70 टक्के चौघांवर, एक मृत्यू झाल्यावर तिघांवर, आणि अडतिसाव्या महिन्यातली एकच रिव्हिजन 23 टक्क्यांहून मोठी होऊन बसते. तिन्ही मिळून 53. रिव्हिजन तीनच आहेत, पण प्रत्येक मृत्यूनंतर पुढच्या रिव्हिजनचे वजन वाढत जाते. वृद्धांमध्ये मृत्यू जास्त आणि लवकर होतात, म्हणून हा फुगवटाही त्यांच्यातच सर्वांत मोठा असतो. तरुण रुग्णांमध्ये मृत्यू विरळ असल्याने तो क्वचितच डोळ्यांत भरतो.

माझी खात्री पटवणारी चाचणी याच्यापुढची होती. मी अंक उलटे केले, म्हणजे मृत्यू ही घटना मानली आणि रिव्हिजन झालेल्यांना सेन्सर्ड धरले. रिव्हिजनआधी मृत्यू येण्याची शक्यता 57 टक्के निघाली. 53 आणि 57 मिळून 110. एकाच रुग्णाच्या बाबतीत आधी यांतली एकच गोष्ट घडू शकते, शिवाय दोघे तर काहीच न होता उरले आहेत. तरी बेरीज शंभरापुढे गेली. इतकी मोठी चूक नेहमीच अशी उघडी पडत नाही, कारण बेरीज नव्वदवर थांबली तरी आकडे फुगलेले असू शकतात. पण शंभर ओलांडल्यावर शंकेला जागाच उरत नाही.

योग्य पद्धत आलेन आणि योहान्सेन यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात प्रत्येक रिव्हिजनचे वजन ठरवताना त्या क्षणापर्यंत जिवंत आणि रिव्हिजनविना राहण्याची एकूण शक्यता घेतात. आमच्या दहांत सव्विसाव्या महिन्याआधी अशी शक्यता 50 टक्के होती आणि पाचांपैकी एकाची रिव्हिजन झाली, म्हणून वाटा 10 टक्के. तिन्ही मिळून 30, रिव्हिजनआधीचे मृत्यू 50, काहीच न झालेले 20, बेरीज शंभर. शून्याचे दोन अर्थ वेगळे करून मृत्यूला 2 हा अंक दिल्यावर संगणकाला R भाषेत एवढेच सांगावे लागले:

```r
library(survival)
d$event <- factor(d$code, 0:2,
                  c("censored", "revision", "death"))
fit <- survfit(Surv(months, event) ~ 1, data = d)
summary(fit, times = 60)
```

सगळ्या फायलींवर हे चालवल्यावर वक्र ठळकपणे खाली आला. डॉक्टरांनी मग विचारले, की आधीचा वक्र अर्थहीन होता का. तसे म्हणता येत नाही. मृत्यूची आणि बॉल बिघडण्याची कारणे एकमेकांशी निगडित नाहीत असे मानले, तर तो 'कोणी वारलेच नसते तर किती बॉल बिघडले असते' हे सांगतो. बॉल बनवणाऱ्याला हा प्रश्न कामाचा असू शकेल. वाळपईहून आलेल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजींच्या घरच्यांना मात्र त्यांच्या आजीचे काय होईल हे जाणून घ्यायचे असते. निम्म्यांना पुन्हा शस्त्रक्रिया लागते असे ऐकले, तर अधिक टिकेल या आशेने ते पूर्ण सांधा बदलण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेकडे वळतील आणि तिचा भार आजींच्या शरीराने सोसायचा.

नव्या वक्राबाबत एक सावधगिरी मी त्याच बैठकीत सांगितली, कारण उलट बाजूची चूकही मी पाहिलेली आहे. पंच्याऐंशीच्या पुढच्या गटात रिव्हिजनचे प्रमाण सत्तरीतल्या गटापेक्षा कमी दिसले, म्हणून त्यांच्यात बॉल जास्त टिकतो असा अर्थ काढता येत नाही. तिथे बॉल बिघडण्याआधीच अधिक माणसे जातात. टिकाऊपणाची तुलना करायची असेल तर त्या क्षणी जिवंत असलेल्यांपैकी किती जणांची रिव्हिजन होते, तो दर पाहावा लागतो, आणि तिथे मृतांना सेन्सर्ड धरणे चालते. रुग्णाला शक्यता सांगताना मात्र ते चालत नाही.

दुपारनंतर मी आणि नोंदणी साहाय्यक नोंदवही घेऊन बसलो. 'स्थिती'चा रकाना खोडून शून्य, एक आणि दोन असे तीन अंक ठरवले, मृत्यूच्या तारखेसाठी वेगळा रकाना आखला, आणि ज्या शून्यांशेजारी पेन्सिलीची नोंद नव्हती त्या घरांना पुन्हा फोन लावायला घेतले.