रामबागेतल्या काकूंचा जळालेला सॉकेट

इंदूरच्या महारानी रोडवर विजेच्या सामानाच्या दुकानात मी बरीच वर्षे काउंटरवर आहे. 'असाच स्विच हवा' असे म्हणून मोबाइलवरचा फोटो पुढे करणारे ग्राहक रोजच येतात. गेल्या पावसाळ्यात रामबागेतल्या एका काकूंनी पाठवलेल्या फोटोने मात्र मला माझी पद्धतच बदलायला लावली.

फोटो स्वयंपाकघरातल्या आठ मॉड्यूलच्या प्लेटचा होता. आठ मॉड्यूलची प्लेट दोन आकारांत मिळते, एका ओळीत आठ किंवा चार-चारच्या दोन ओळी. ही दुसऱ्या प्रकारची, चौकोनी होती. तिच्यातला १६ अँपिअरचा सॉकेट इंडक्शन शेगडीच्या भारामुळे काळवंडला होता आणि त्याचा स्विचही खटका पडल्यावर अडकून राहत होता. बाकीचे स्विच शाबूत होते, त्यामुळे सगळी प्लेट बदलायला काकू तयार नव्हत्या, आणि ते योग्यच होते.

फोटोवरून माप काढायची एक खात्रीची खूण सॉकेटमध्येच असते. १६ अँपिअरच्या सॉकेटमधल्या खालच्या दोन मोठ्या छिद्रांच्या मध्यांतले अंतर मानकाप्रमाणे २५.४ मिलिमीटर असते, मग कंपनी कोणतीही असो. ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये तेच अंतर सुमारे १९ मिलिमीटर असते. फोटो अगदी समोरून काढलेला होता. स्क्रीनवर पट्टी लावली तेव्हा छिद्रांमधले अंतर ३८ मिलिमीटर भरले, म्हणजे चित्र साधारण दीडपट मोठे होते. शेजारच्या स्विचची रुंदी स्क्रीनवर साडेतेहतीस मिलिमीटर होती. तिला दीडने भागले की साधारण २२.३ येतात. आमच्याकडच्या एका कंपनीच्या नव्या मालिकेच्या मॉड्यूलची रुंदी याच्या अगदी जवळची, खटक्याचा हलका बाक तसाच आणि कोपऱ्यातली दर्शक रेघही तशीच होती. मी निःशंकपणे दोन्ही नग काढून दिले.

संध्याकाळी काकूंचा पुतण्या तेच नग घेऊन परत आला. "दादा, स्विच फ्रेममध्ये बसतो, पण सॉकेटमधून प्लग ओढला की सगळा सॉकेटच बाहेर येतो," असे तो म्हणाला. ऐकून मला खरोखर वाईट वाटले, कारण अशा अर्धवट अडकलेल्या सॉकेटला शेगडी लावणे धोक्याचे आहे. प्लगच्या प्रत्येक ओढीबरोबर मागची वायर ताणली जाते, स्क्रू ढिला पडतो आणि ढिल्या जोडावरच पुन्हा उष्णता निर्माण होते. रुंदीचे माप चुकलेले नव्हते. पण पुष्कळ मालिकांची रुंदी एकमेकींच्या जवळपासच असते, म्हणून त्या मापाने एखादी मालिका बाद करता येते, ती हीच आहे हे सिद्ध करता येत नाही. मॉड्यूल फ्रेममध्ये धरून ठेवतात त्या बाजूच्या क्लिपा, आणि त्या समोरच्या फोटोत दिसतच नाहीत.

मी पुतण्याला एमसीबी बंद करून आणि टेस्टरने वीज नसल्याची खात्री करून, प्लेटच्या कडेच्या खाचेत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून वरची प्लेट अलगद उचलायला सांगितले. मग फ्रेमचे दोन स्क्रू काढून आणखी तीन फोटो मागवले: फ्रेमचा मोकळा, स्विचचा बाजूने आणि त्याच्या पाठीचा. पाठीच्या फोटोने प्रश्न सुटला. तिथे कंपनीचे नाव, आयएसआयची खूण, अँपिअर आणि नगाचा क्रमांक साच्यातच उठवलेले असतात. कंपनी मी ओळखली तीच निघाली, पण मालिका तिची जुनी होती. बाजूच्या फोटोत क्लिपचा दात नव्यापेक्षा साधारण एक मिलिमीटर खाली होता. आमच्या दुकानात तो क्रमांक नव्हता. त्याच रस्त्यावरच्या एका जुन्या दुकानदाराच्या वरच्या फळीवर दोन स्विच आणि एक सॉकेट निघाले.

आता रंगाचा प्रश्न उरला. काकूंच्या प्लेटचा पांढरा रंग वर्षानुवर्षांच्या उजेडाने आणि फोडणीच्या धुराने पिवळसर झाला होता, आणि नवा सॉकेट त्यात डोळ्यांत भरला असता. काकूंच्याच न्हाणीघराबाहेर गीझरसाठी त्याच मालिकेचा स्विच-सॉकेट होता, तितकाच पिवळा पण धडधाकट. मिस्त्रींनी तो स्वयंपाकघरात लावला आणि नवी जोडी गीझरला दिली. वायरचे करपलेले टोक मात्र त्यांनी चांगली तांब्याची तार लागेपर्यंत कापून टाकले, कारण काळ्या टोकावर स्क्रू कितीही आवळला तरी जोड गरमच होतो.

शिल्लक राहिलेला एक स्विच मी काकूंच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवला आहे, कारण त्यांच्या हॉलमध्येही त्याच मालिकेची सहा मॉड्यूलची प्लेट आहे.